ड्रोनचा शॉट परक्या पिक्चरमधला वाटतो? या चुका टाळा

गेल्या जानेवारीत पलूस तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर आम्ही सहा मिनिटांची फिल्म केली. जमिनीवरचा कॅमेरा माझ्याकडे, ड्रोन मित्राकडे. पहिला कट गुऱ्हाळमालकांना मोबाईलवर दाखवला, तर ते म्हणाले, “दादा, वरचं टीव्हीवरचं वाटतंय आन् खालचं आपलं.” यापेक्षा नेमकं निदान मला कुठल्या ट्युटोरियलमध्ये मिळालेलं नाही. मग एकेक क्लिप उघडून कुठं काय चुकलं ते बघत बसलो.

सूर्य वेगळा, तर हिरवा वेगळा

सगळ्यात जास्त खटकत होता तो उसाचा रंग. मी सकाळी साडेसातला उसात शिरून, सूर्याकडे तोंड करून शूट केलं होतं. पानं पिवळसर हिरवी, आतून उजळल्यासारखी दिसत होती. ड्रोन उडाला साडेअकराला, सूर्य पाठीमागे ठेवून, कॅमेरा जवळपास सरळ खाली करून. तोच फड निळसर, थंड हिरवा आला.

मी दोन दिवस याला कॅमेऱ्याचा दोष समजत होतो. खरं कारण पानात आहे. सूर्यासमोरून बघितलं की पानातून आरपार आलेला उजेड दिसतो, तो पिवळ्याकडे झुकतो. वरून बघितलं की पानाच्या तुकतुकीत पाठीवर पडलेलं आभाळ दिसतं, ते निळं. दोन्ही ठिकाणी एकच कॅमेरा असता तरी हा फरक पडलाच असता. आणि सावल्यांचं काय करणार? खालच्या शॉटमध्ये त्या लांबलचक, वरच्यात बुडाशी आखडलेल्या. सावली काही एडिटमध्ये वळत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला पुन्हा उडवला. या वेळी सूर्याच्या दिशेनं तोंड करून, थोडं तिरकं, आणि कॅमेरा फक्त 20-25 अंश खाली झुकवून. व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे 5600 केल्विनवर लॉक केला. ऑटोवर ठेवला तर ड्रोन फडावरून आभाळाकडे वळताना एकाच क्लिपमध्ये रंग बदलत जातो, आणि ते निस्तरायला फार वेळ खातं. अर्धं काम तिथंच झालं.

एकच एलयूटी दोघांना

माझा कॅमेरा S-Log3 मध्ये, ड्रोन D-Log M मध्ये, दोन्ही ग्रेडिंगसाठी फिकट रेकॉर्ड करणारी प्रोफाइलं. पहिल्या कटमध्ये मी आवडीची एक एलयूटी, म्हणजे रंग बदलणारा तयार तक्ता, दोन्हींवर टाकली होती. दोन वेगवेगळ्या भाषांतल्या पत्रांना एकच दुभाषी बसवला, म्हणजे एकाचा अर्थ चुकणारच. आधी दोन्ही आपापल्या वाटेनं Rec.709 मध्ये, म्हणजे नेहमीच्या स्क्रीनच्या रंगांत, आणायचे. माझ्या क्लिपला DaVinci Resolve मधलं `Color Space Transform`, ड्रोनला त्याच्याच कंपनीनं दिलेली रूपांतराची एलयूटी. जो काही “लुक” द्यायचा तो सगळं जुळल्यावर, शेवटी, पूर्ण टाइमलाइनवर एकदाच.

जुळवताना दोन्ही शॉटमध्ये असलेली एक वस्तू धरावी लागते. मी आधी गुऱ्हाळाचं पत्र्याचं छप्पर धरलं आणि फसलो. पत्रा चकाकतो, त्यात पुन्हा आभाळच दिसतं. मग चिपाडांचा ढीग धरला. उन्हात वाळत टाकलेली चिपाडं फिकट, बिनचकाकीची असतात. उन्हातली बाजू घेतली तर खालून बघा नाहीतर वरून, रंग जवळपास तोच. ग्रे कार्ड असेल तर त्याहून बरं: उडवल्यावर दोन-तीन मीटरवर ड्रोन थांबवून दहा सेकंद कार्ड टिपून घ्यायचं.

आता माझी पद्धत अशी. दोन स्टिल शेजारी ठेवतो आणि दोन्हींचं सॅच्युरेशन शून्य करतो. कृष्णधवल चित्रात आधी उजेड जुळवतो, कारण रंग वेगळा वाटतो तेव्हा पुष्कळदा नुसतं एक्सपोजर वेगळं असतं. वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, चिपाडांची पट्टी दोन्हीकडे एका उंचीला आली की रंग परत आणतो, आणि परेडवर लाल-हिरवा-निळा बघत चिपाडं जुळवतो. उसाचा राहिलेला निळसरपणा `Hue vs Hue` मध्ये फक्त हिरवा किंचित पिवळ्याकडे सरकवून जातो.

एक मोह मात्र टाळायचा. नदीकाठच्या सकाळच्या धुरकट हवेमुळं लांबचं दृश्य फिकट आणि निळसर येणारच. तिथले काळे खेचून गुऱ्हाळाच्या आतल्या अंधाराइतके काळे केले, तर शॉट खोटा दिसतो. जवळची वस्तू जुळवायची, लांबचं धुकं तसंच राहू द्यायचं.

शटर आणि फ्रेम रेट

टाइमलाइन 25 फ्रेमची, ड्रोन चुकून 30 वर. 30 चे 25 करताना सॉफ्टवेअर दर सहावी फ्रेम टाकून देतं, त्यामुळं सरकता शॉट बारीक बारीक ठेचकाळतो. DaVinci Resolve मध्ये `Clip Attributes` मध्ये जाऊन `Video Frame Rate` 25 केला की एकही फ्रेम जात नाही, क्लिप फक्त 83 टक्के वेगानं चालते. ड्रोनला आवाज नसतोच, त्यामुळं ते खपतं. फडासाठी, धुरासाठी उत्तम. पण चालणारी माणसं जरा तरंगल्यासारखी दिसतात, तिथं बघून घ्या.

शटरचं दुखणं वेगळं. 25 फ्रेमला 1/50 ठेवायचं. सकाळच्या उन्हात आयएसओ 100 ला आमचा ड्रोन 1/1600 वर जात होता. 1/1600 ते 1/50 म्हणजे पाच स्टॉप, म्हणजे उजेड कमी करणारा एनडी 32 फिल्टर. दुपारी ऊन दुप्पट झालं तर एनडी 64. खरं सांगायचं तर साठ मीटरवरून हा फरक कुणाला कळत नाही, कारण तिथून सगळंच सावकाश सरकतं. शेंड्यांवरून चार मीटरवर उडताना मात्र पानं तडतडल्यासारखी दिसतात. प्लगइननं मोशन ब्लर टाकून बघितला, पण पानांच्या कडांशी नुसतं फरकाटलं.

धार

जानेवारीत उसाला तुरे होते. ड्रोनच्या क्लिपमध्ये प्रत्येक तुऱ्याभोवती बारीक पांढरी रेघ. ही स्पष्टता नव्हे, ड्रोननं स्वतःच चढवलेलं शार्पनिंग. आता आम्ही ड्रोनमध्ये शार्पनेस −1 ठेवतो. आधीच शूट झालेल्या क्लिपला `Blur` चा रेडियस 0.50 वरून 0.52 इतकाच केला. जमिनीवरची फुटेज शार्प करून ड्रोनला गाठायला जाऊ नका, त्यात माणसांचे चेहरे खरबरीत होतात. शेवटी सगळ्या टाइमलाइनवर एकच हलकी ग्रेन टाकली.

वरून खाली येताना

पहिल्या कटमध्ये साठ मीटरवरच्या शॉटनंतर थेट काहिलीतल्या उकळीचा 85 मिमीचा क्लोजअप होता. ड्रोनची लेन्स 24 मिमीच्या जवळची, त्यामुळं उडी फार मोठी पडली. आता मध्ये दोन पायऱ्या आहेत. ड्रोन पाच मीटरवर उतरून डावीकडून उजवीकडे सरकतो, सरकत असतानाच कट होतो, आणि खाली मी 24 मिमीवर गिंबल घेऊन त्याच दिशेनं, तेवढ्याच संथपणे, चिपाडांच्या ढिगाजवळून काहिलीकडे जातो. ड्रोन थांबेपर्यंत वाट बघून कापलं, तर सांधा दिसतो.

दुसरा कट मालकांना दाखवला तेव्हा ते ड्रोनबद्दल काहीच बोलले नाहीत. फक्त विचारलं, “ढवळणारा आमचा गुळव्या का नाय दिसत जास्त?”