आखाजीच्या खरेदीतून कार्डाची वार्षिक फी माफ करून घ्यायची असेल तर

क्रेडिट कार्डावर वर्षभरात २ लाख खर्च केला की फी माफ, एवढंच डोक्यात ठेवून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगावच्या सराफ बाजारात कार्ड घासायला निघाला असाल, तर थोडं थांबा. ही तयारी दुकानात उभं राहून होत नाही. खरेदीच्या निदान महिनाभर आधी घरी बसून करावी लागते.

पहिलं काम म्हणजे तुमच्या कार्डाचं वर्ष कधी संपतं ते शोधणं. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर नसतं आणि एप्रिल ते मार्चही नसतं. बहुतेक कार्डांचं वर्ष कार्ड मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजतात, काही बँका त्या महिन्याच्या बिलाच्या तारखेशी जोडतात. मधे कधी कार्ड अपग्रेड करून घेतलं असेल तर वर्ष तिथून नव्याने सुरू झालेलं असू शकतं. कार्डावर छापलेल्या महिन्यावरून अंदाज बांधू नका. बँकेला ईमेल करा आणि वर्ष सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख लेखी मागून घ्या. फोनवरचा माणूस सांगतो ते नंतर दाखवता येत नाही.

आपल्याकडे ही तारीख जास्तच महत्त्वाची, कारण कार्डाचं वर्ष जागेवर असतं आणि आखाजी सरकते. २०२४ मध्ये ती १० मे ला होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला आणि २०२६ मध्ये १९ एप्रिलला. ज्याचं कार्ड-वर्ष २१ एप्रिल ते २० एप्रिल आहे, त्याच्या २०२५-२६ च्या वर्षात दोन आखाज्या आल्या. पण दुसरी आली ती वर्ष संपायच्या आदल्या दिवशी.

आणि इथेच ती गोष्ट येते जी गेल्या खेपेला माझ्याकडून राहिली, म्हणून ती सविस्तर सांगतो. कार्ड मशीनला लावलं की लगेच एसएमएस येतो. तो एसएमएस म्हणजे बँकेने एवढी रक्कम मंजूर करून राखून ठेवली, इतकंच. दुकानदार दिवसअखेर मशीनचा हिशोब बंद करतो, तो त्याच्या बँकेकडून कार्ड नेटवर्कमार्फत तुमच्या बँकेकडे येतो आणि मग रक्कम तुमच्या खात्यावर चढते. यालाच पोस्टिंग म्हणतात. साधारण एक ते तीन दिवस लागतात, मधे रविवार किंवा सुटी आली की आणखी. बऱ्याच कार्डांवर फीमाफीची बेरीज या पोस्ट झालेल्या रकमांचीच होते. एसएमएसची तारीख तिथे धरत नाहीत.

फसायला होतं ते बिलामुळे. बिलावर बहुधा व्यवहाराची तारीख छापलेली असते, पोस्टिंगची नाही. त्यामुळे बिल बघून वाटतं, खर्च तर वेळेतच झाला होता. बँकेच्या हिशोबात मात्र तो पुढच्या वर्षात गेलेला असतो. खर्च पोस्ट झाला का, हे कळायचं एकच ठिकाण म्हणजे अ‍ॅपमधली व्यवहारांची यादी. तिथे व्यवहार अजून ‘पेंडिंग’ दिसत असेल तर तो धरलेला नाही असंच समजा. तुमची बँक व्यवहाराची तारीख धरते की पोस्टिंगची, हा प्रश्नही त्याच ईमेलमध्ये विचारा. उत्तर काहीही आलं तरी शेवटचे दहा दिवस मोकळे ठेवा. पुन्हा सांगतो, शेवटचे दहा दिवस मोकळे ठेवा.

आता वजाबाकी. अ‍ॅपमध्ये वर्षाचा एकूण खर्च दिसतो, पण काही अ‍ॅपमध्ये त्यात सगळंच मिसळलेलं असतं. कोणता खर्च धरत नाहीत ते कार्डाच्या अटींच्या पत्रकात असतं. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, एटीएममधून काढलेली रोख, बँकेचे स्वतःचे आकार, यांतलं बरंच काही वगळलेलं सापडेल. हप्त्यांत बदललेल्या खरेदीचं काय आणि रुपे कार्डावरून यूपीआयने केलेल्या खर्चाचं काय, हे कार्डागणिक बदलतं. शेजाऱ्याच्या कार्डाचा नियम आपल्याला लावू नका, तुमचंच पत्रक वाचा. आणि परत केलेल्या वस्तूचा परतावा बेरजेतून वजा होतो, हे कुणी सांगत नाही.

समजा, वरच्याच कार्डावर फी १,००० रुपये आहे, १८ टक्के जीएसटी धरून १,१८०, आणि अट २ लाखांची. मार्चअखेर सगळ्या बिलांची बेरीज २,०६,००० आली. माणूस निश्चिंत झाला. पण भुसावळ-जळगाव रोजच्या येण्याजाण्याचं पेट्रोल १८,४००, वॉलेटमध्ये भरलेले ६,०००, आणि ऑनलाइन मागवून परत पाठवलेला कूलर ५,६००. कूलरची खरेदी बेरजेत आहे, परतावा नाही. हे तिन्ही काढले की उरतात १,७६,०००. म्हणजे २४,००० कमी. त्याने १९ एप्रिलला, रविवारी संध्याकाळी २४,५०० चं सोनं घेतलं. बेरीज २,००,५०० झाली, एसएमएसही आला. रक्कम पोस्ट झाली मंगळवारी, २१ तारखेला. वर्ष सोमवारीच संपलं होतं. पोस्टिंग धरणाऱ्या बँकेत १,१८० गेले. तेच सोनं त्याने ८ एप्रिलला घेऊन ठेवलं असतं तर काम झालं असतं. मुहूर्ताला दागिना घरी आणायचा असेल तर पैसे आधी भरून दागिना आखाजीला उचला, ओळखीचा सराफ याला नाही म्हणत नाही. पण पूर्ण रक्कम आधी कार्डावर घ्यायला लावा, नुसतं बयाणं नको.

याच उदाहरणात आणखी एक धोका आहे. अटीपेक्षा फक्त ५०० रुपये वर होते. हजाराची एखादी वस्तू वर्ष संपण्याआधी परत गेली असती तरी बेरीज २ लाखांच्या खाली आली असती. म्हणून चार-पाच हजार जास्तीचे ठेवा आणि शेवटच्या महिन्यात परत जाण्याजोगं काही घेऊ नका.

दुकानदार कार्डावर वरून दोन टक्के मागत असेल तर २४,५०० वर ४९० होतात. म्हणजे वाचले ६९०. सोनं घ्यायचंच होतं तर ठीक, पण फी वाचवायला म्हणून नको ती खरेदी करणं हा सरळ तोटा आहे. त्यापेक्षा घरातल्या अ‍ॅड-ऑन कार्डावरचा खर्च बघा, तो बहुतेक बँका मुख्य कार्डातच मोजतात. विम्याचा हप्ता किंवा मुलांची फी महिनाभर आधी भरता येत असेल तर तेही, फक्त तो प्रकार अटींत वगळलेला नाही ना हे बघून.

वर्ष संपल्यावर पुढची एक-दोन बिलं नीट बघा. काही बँका फी लावतच नाहीत, काही आधी लावून मग परत करतात. फी लावलीच आणि परत केली नाही तर ईमेलमधलं लेखी उत्तर आणि तुमची बेरीज जोडून तक्रार करा. बिलाची शेवटची तारीख मात्र चुकवू नका, उशिराचा आकार वेगळा बसतो.

नाहीच ऐकलं तर कार्ड बंद करायचा पर्याय आहे. आधी पॉइंट वापरून टाका, बाकी शून्य करा, मग लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकबाकी नसेल तर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात.

कार्ड ठेवणार असाल तर पुढच्या वर्षाची शेवटची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, आणि तिच्या दहा दिवस आधीची तारीख लाल पेनाने.