मेणबत्ती विझली आणि पाणी वर चढलं: प्रयोगाचा व्हिडिओ करताना आमचं काय चुकलं

मी नववीत असताना, म्हणजे २०२१ साली, आमच्या तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन ऑनलाइन झालं. मांडणीचं टेबल नाही, तक्ते नाहीत. तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा आणि परीक्षकांनी बोलावलं की मोबाइलवर उत्तरं द्यायची. मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी सगळ्यांच्या ओळखीचा प्रयोग निवडला. परातीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात वर चढतं. अनुमान गाइडमध्ये छापलेलंच होतं: मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं.

परीक्षक सरांनी आमचाच व्हिडिओ स्क्रीनवर लावला आणि सातव्या सेकंदाला थांबवला. "हे काठाखालून काय निघालं?" बुडबुडे होते, चार-पाच, चांगले ठळक. आम्ही चित्रण केलं, आवाज दिला, व्हिडिओ दहा वेळा पाहिला, पण ते बुडबुडे दोघींच्याही डोळ्यांत शिरले नव्हते. सर म्हणाले, "निरीक्षणात तुम्ही म्हणताय की ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी वर चढलं. ऑक्सिजन कुठे दिसला तुम्हाला?" आम्ही गप्प.

आता मी बीएस्सीला आहे आणि दर वर्षी शाळेतल्या पोरांना व्हिडिओ करताना मदत करते. बहुतेक व्हिडिओ त्याच जागी घसरतात. कृती नीट सांगितलेली असते, पण निरीक्षणाच्या भागात अनुमान घुसतं. म्हणून तोच प्रयोग आम्ही पुन्हा कसा केला ते सविस्तर सांगते.

साहित्यापासून सुरुवात करू. आमचा पेला उंच आणि सरळ होता, १४ सेंटीमीटर. सरळ असणं महत्त्वाचं, कारण गळा निमुळता असेल तर पाण्याच्या उंचीवरून आकारमान कळत नाही. पेल्यावर बाहेरून मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. पहिल्यांदा आम्ही ताटली घेतली होती आणि त्यातलं पाणी मध्येच संपलं. पेल्यात गुडगुड करत बाहेरची हवा शिरली आणि पातळी झपकन खाली आली. नंतर परात घेतली, त्यात दोन सेंटीमीटर पाणी आणि निळ्या शाईचे थेंब. पेल्याचा काठ परातीच्या तळाला चिकटला तर पाणी आत जायला वाट राहत नाही, म्हणून काठाखाली तीन नाणी ठेवायची. मेणबत्ती वितळलेल्या मेणाने परातीला घट्ट बसवायची. ओढणी बांधून घ्यायची, केस मागे, आणि कुणीतरी मोठं माणूस जवळ हवं.

चित्रणाचं बरंचसं ज्ञान आम्हाला चुकूनच मिळालं. फोन उभा धरून वरून चित्रण केलं तर पट्टीवरचं माप खोटं दिसतं. कॅमेऱ्याचं भिंग पाण्याच्या पातळीच्याच उंचीवर हवं. आम्ही वह्यांच्या गठ्ठ्यावर फोन आडवा टेकवला. पेल्याच्या मागे काळा कार्डपेपर लावला, तेव्हा बुडबुडे आणि विझल्यावरचा धूर दोन्ही स्पष्ट आले. पांढऱ्या भिंतीसमोर त्यातलं काहीच दिसत नाही. ज्योत चौकटीत असली की फोन आपोआप उजेड कमी-जास्त करत राहतो आणि नेमकी विझण्याच्या क्षणी पट्टी काळवंडते. स्क्रीनवर पेल्याच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही एका जागी थांबतात. पंखा बंद करायचा, कारण ज्योत हलते आणि आवाजातही घरघर येते.

पेला खाली आणल्यापासून पाणी स्थिर होईपर्यंतचा तुकडा अजिबात कापायचा नाही. साहित्य दाखवताना कितीही कापा, पण हा अर्ध्या मिनिटाचा भाग अखंड राहू द्या. मध्ये काप दिसला की परीक्षकाला पहिली शंका येते की दोन वेगळे प्रयत्न जोडलेत. आणि खरं उत्तरही त्याच अर्ध्या मिनिटात दडलेलं असतं.

ते कसं? आम्ही तो तुकडा चौपट मंद गतीने पाहिला. पेला टेकताना बुडबुडे बाहेर पडले. ज्योत साधारण सात सेकंद जळली आणि तेवढ्या वेळात पाणी जेमतेम हललं. विझल्यावर धुराची रेघ उठली आणि त्यानंतर पाणी भराभर चढलं. ऑक्सिजन वापरला गेल्यामुळेच पाणी चढत असतं तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू वर यायला हवं होतं.

मग मेणबत्त्या वाढवल्या. एका मेणबत्तीला पाणी १८, २१ आणि १६ मिलिमीटर चढलं. तीन मेणबत्त्यांना ४१, ३८ आणि ४४. १४ सेंटीमीटरचा एक पंचमांश म्हणजे २८ मिलिमीटर. म्हणजे एका मेणबत्तीचा आकडा त्याहून खाली, तिघींचा त्याहून कितीतरी वर. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, आणि आमचं पाणी ४१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास २९ टक्के चढलं होतं. हवेत होता त्याहून जास्त ऑक्सिजन मेणबत्त्यांनी खाल्ला, असं म्हणायची वेळ आली असती. आमच्या पहिल्या व्हिडिओत आकडा १८ होता आणि आवाज म्हणत होता, "जवळपास एक पंचमांश." ते ऐकताना आजही लाज वाटते.

शेवटची चाचणी मेणबत्तीशिवाय. शाळेतल्या प्रयोगशाळेतलं उष्णतारोधक काचेचं चंचुपात्र घेतलं, त्यात गरम पाणी भरून काही वेळ ठेवलं, ओतून दिलं आणि लगेच परातीत उपडं केलं. मिनिटभरात पाणी सेंटीमीटरभर वर आलं. ज्योत नाही, ऑक्सिजन वापरणारं कुणी नाही. (घरच्या साध्या काचेच्या पेल्यात उकळतं पाणी ओतू नका, तडा जातो. आमचा एक गेला.)

तर कारण असं. पेला मेणबत्तीवर धरतो तेव्हा आतली हवा तापून फुगते आणि काही हवा काठाखालून निघून जाते. तेच ते बुडबुडे. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, जळताना तयार झालेली वाफही काचेवर जमते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब परातीतलं पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खोटं नाही, पण तो संपत नाही. सुमारे १६ टक्क्यांपर्यंत उतरला की मेणबत्ती विझते. शिवाय त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात सावकाश विरघळतो, काही सेकंदांत नाही. हा प्रयोग दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी बायझँटियमच्या फिलो या ग्रीक अभियंत्याने लिहून ठेवला होता आणि आगीने हवा खाल्ली म्हणून पाणी चढलं हे चुकीचं स्पष्टीकरणही जवळपास तेवढंच जुनं आहे, त्यामुळे गाइड लिहिणाऱ्यांना तरी किती बोलायचं.

आता निवेदन. आम्ही कागदाचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला एकेक अट घातली. कृतीच्या कागदावर फक्त आम्ही काय केलं ते, मापांसकट. "परातीत दोन सेंटीमीटर पाणी घेतलं. मेणबत्ती पेटवून दहा सेकंद थांबलो. पेला सरळ खाली आणून नाण्यांवर टेकवला." 'थोडं पाणी', 'काही वेळाने' असं आलं की खोडायचं. हे ऐकून दुसऱ्या शाळेतल्या पोराला प्रयोग जसाच्या तसा करता आला पाहिजे. पेला ज्योतीवर किती वेळ धरला हेसुद्धा सांगायला हवं. तो पाच सेकंद जास्त धरला तर आत जास्त तापलेली हवा अडकते आणि पाणी जास्त चढतं. आमचे १६ आणि २१ हे वेगळे आकडे बहुधा त्यातूनच आले.

निरीक्षणाच्या कागदावर 'मुळे', 'म्हणून', 'कारण' हे शब्द बंद. ऑक्सिजन, दाब, आकुंचन हेही बंद, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत. मग उरलं ते असं: "पेला टेकवताना काठाखालून चार बुडबुडे बाहेर आले. ज्योत सात सेकंदांनी विझली. तोपर्यंत पातळी दोन मिलिमीटर चढली. विझल्यानंतर पाणी वेगाने चढलं आणि १८ मिलिमीटरवर थांबलं." ऐकायला रुक्ष वाटतं, पण त्याच वेळी पडद्यावर तेच घडत असतं, त्यामुळे चालतं. आवाज आम्ही नंतर वेगळा रेकॉर्ड केला, रजई अंगावर घेऊन, म्हणजे खोलीचा घुमारा येत नाही. बोलणं चित्राच्या पुढे पळू नये. बुडबुडे दिसले की मग बुडबुड्यांचं वाक्य.

अनुमानाच्या कागदावर मात्र 'म्हणून' हवाच, आणि प्रत्येक 'म्हणून'ला वरच्या कागदावरचं एखादं निरीक्षण बांधलेलं हवं. "पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर चढलं आणि मेणबत्तीशिवाय गरम पात्रातही चढलं, म्हणून गरम हवा थंड होऊन आकसणं हे मुख्य कारण आहे." त्यापुढे आणखी एक वाक्य जोडलं: "वापरल्या गेलेल्या ऑक्सिजनचा वाटा किती, हे या प्रयोगातून मोजता येत नाही." माझी मैत्रीण म्हणाली, असं सांगितलं तर मार्क कमी होतील. तसं झालं नाही. पुढच्या वर्षी सरांनी नेमकं त्याच वाक्यावर थांबून पुढचे प्रश्न विचारले, आणि या वेळी आम्हाला उत्तरं देता आली.

यंदा माझ्या मावसबहिणीने, ती सातवीत आहे, एकाच पेल्याखाली तीन वेगवेगळ्या उंचीच्या मेणबत्त्या लावल्या. सगळ्यात उंच आधी विझली, सगळ्यात बुटकी शेवटी. "ताई, कार्बन डायऑक्साइड जड असतो ना, मग बुटकी आधी विझायला हवी होती," ती म्हणाली. मी तिला निरीक्षणाचा कागद पुरा करायला सांगितला. अनुमानाचा अजून कोराच आहे. पुढच्या रविवारी ती थंड पेला आणि गरम पेला घेऊन तेच पुन्हा करणार आहे.