कुंद्याच्या व्हिडिओचं शीर्षक असं बदललं

वहिनीच्या कुंद्याच्या व्हिडिओचं शीर्षक होतं, ‘हे रहस्य बेळगावात कुणीच सांगणार नाही!’ क्लिक भरपूर, पण यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक टिकण्याचा आलेख पहिल्या तीस सेकंदांतच कोसळायचा. शीर्षकात पदार्थाचं नावच नाही, आणि रहस्य तरी कसलं? आमच्याकडे निम्म्या घरांना ते ठाऊक!

मग तिने ‘बेळगावी कुंदा रेसिपी’ केलं. खरं, पण अळणी. असे व्हिडिओ ढिगाने आहेत.

मी म्हटलं, “वहिनी, यात लोकांना न सुचणारं काय आहे?” ती म्हणाली, “रंग. दूध आटवून झालं की साखर करपवून घालते मी.” तेच धरलं: ‘बेळगावी कुंदा: रंग न घालता इतका तपकिरी कसा?’ नाव आधी, कारण मोबाईलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. प्रश्न खरा, उत्तर व्हिडिओत. शीर्षकात ‘करपवलेली साखर’ लिहिली असती तर क्लिक कशाला करतील? शिवाय साखरेच्या कढईचं दृश्य सुरुवातीलाच दाखवलं.

क्लिकचं प्रमाण पहिल्यापेक्षा थोडं कमी आहे, पण आलेख आता कोसळत नाही. नुसत्या क्लिकच्या टक्क्यावर जाऊ नका. व्हिडिओ नव्या लोकांपुढे जाऊ लागला की हा टक्का एरवीही घसरतो.