गो: समोरच्याने उत्तर दिलं, तरी सेंते गेली कुठे?

गो शिकताना पकड, जीव, डोळे हे पहिल्या काही आठवड्यांत समजतं. त्यानंतर सेंते आणि गोते हे दोन शब्द कानावर पडतात आणि बहुतेक जण त्यांचा एक सोपा अर्थ लावून मोकळे होतात: समोरच्याला उत्तर द्यायलाच लावते ती चाल सेंते, आणि ज्या चालीला उत्तर द्यावं लागत नाही ती गोते. व्याख्या म्हणून हे चुकीचं नाही. पण नव्या खेळाडूंचे डाव मी बरीच वर्षं त्यांच्याबरोबर बसून पाहतो आहे, आणि पट मोकळा असताना ते मागे पडतात ते बहुधा याच अर्ध्या व्याख्येमुळे. त्यांच्या प्रत्येक चालीला उत्तर मिळालेलं असतं, तरी तिसाव्या चालीला पाहावं तर पटावरच्या सगळ्या मोठ्या जागा समोरच्याच्या ताब्यात असतात.

हे कसं होतं ते एका कोपऱ्यावर दाखवतो. पट समोर असेल तर खडे मांडत वाचा. ऑनलाइन पटावर असतात तसेच निर्देशांक घेतले आहेत: अक्षरं डावीकडून उजवीकडे (I हे अक्षर वगळलेलं असतं), आकडे खालून वर.

काळा Q16, पांढरा D4, काळा Q4, पांढरा D16. चारही कोपऱ्यांत ताऱ्याच्या बिंदूवर एकेक खडा, बाकी पट रिकामा. आता काळा F3 ला येतो, म्हणजे D4 च्या कोपऱ्याला खालच्या बाजूने जवळीक करतो. पांढरा C6 ला उत्तर देतो. काळा दुसऱ्या ओळीवरून D2 ला सरकतो, पांढरा C3 घेतो. काळा K3 ला, म्हणजे F3 पासून तीन बिंदू सोडून, खालच्या कडेने पसरतो. काही जण इथे दोनच बिंदू सोडून J3 खेळतात, तेही चालतं.

हा क्रम जुना आणि सर्वमान्य आहे. आता चाली मोजा. या कोपऱ्यात काळ्याच्या तीन झाल्या: F3, D2, K3. पांढऱ्याच्या दोन: C6 आणि C3. पुढची पाळी पांढऱ्याची, आणि पट अजून जवळजवळ रिकामा. तो O17 ला जाऊन Q16 ला जवळीक करेल, नाहीतर R6 ला येऊन Q4 ला. F3 आणि D2 या दोन्ही चालींना उत्तर मिळालं, तरी प्रकरण मिटलं तेव्हा पुढाकार पांढऱ्याकडे गेलेला आहे. म्हणून एकेका चालीपेक्षा त्या जागेचा अख्खा क्रम मोजायचा. आपण सुरू केलेला क्रम सम संख्येच्या चालींत मिटला तर सेंते आपल्याकडे राहते, विषम संख्येत मिटला तर जाते. वरचा क्रम पाच चालींचा आहे.

D2 ला उत्तर मिळतं, यात शंका नाही. पांढऱ्याने ती सोडून दुसरीकडे खेळायचं ठरवलं तर काळा स्वतः C3 घेईल. मग कोपरा काळ्याचा, आणि D4 व C6 हे दोन पांढरे खडे तळाशिवाय उघड्यावर. त्या दोघांना मध्याकडे पळावं लागेल आणि काळा त्यांच्या मागे लागून बाजू बांधत जाईल. C3 हा बिंदू दोघांच्याही तळाचा आहे, म्हणून पांढरा तो बहुतेक वेळा घेतोच.

पण D2–C3 ही देवाणघेवाण झाल्यावर काळ्याच्या खड्यांचं काय होतं ते पाहा. आधी F3 हा एकटा खडा होता. आता F3 आणि D2 असे दोन आहेत, आणि कोपरा बंद झाल्यामुळे त्यांना आत जागा उरलेली नाही. काळ्याने K3 टाळलं तर पांढरा J3 च्या आसपास येऊन चिमटा घेईल आणि त्या जोडीला डोळ्यांसाठी वावच राहणार नाही. म्हणजे D2 खेळताना काळ्याने पांढऱ्याला एक चाल खेळायला लावली आणि स्वतःवरही एका चालीचं कर्ज घेतलं. K3 ही त्या कर्जाची फेड. नवे खेळाडू पहिली बाजू पाहतात आणि दुसरी विसरतात.

यात आणखी एक तोटा आहे, तो पटकन दिसत नाही. D2 खेळण्याआधी काळ्याकडे C3 ला थेट शिरण्याची शक्यता होती, आणि F3 जवळ असल्यामुळे तिला आधारही होता. पांढऱ्याला C3 वर बसवून ती शक्यता काळ्याने आपल्या हाताने संपवली. याला अजी घालवणं म्हणतात. एखादी चाल ‘सेंते आहे’ एवढ्यासाठी ती लगेच वाजवून टाकू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो ते यासाठी. D2 कुठे पळून जात नाही.

मग काळ्याने थांबायचं कुठे? F3–C6 झाल्यावर. दोन चाली, सम संख्या, पाळी पुन्हा काळ्याची. तो तेनुकी करतो, म्हणजे ही जागा तशीच सोडून दुसरीकडे जातो: समजा Q10. उजव्या कडेला Q16, Q10, Q4 असे तीन तारे एका रांगेत येतात आणि पटाची अख्खी बाजू त्याच्या छायेत जाते. F3 मात्र मागे एकटा उरतो, आणि बहुतेकांना भीती वाटते ती इथेच.

ती भीती तपासून पाहू. पांढरा E3 ला चिकटतो. काळ्याने F4 ला उभं राहून उत्तर दिलं तर F3–F4 ही जोडी जड होते आणि पांढरा बाजूने चिमटा घेतो. काळ्याला मध्याकडे पळावं लागतं, पण त्या वाटेवर Q4 आणि Q10 त्याच्या मदतीला आहेत, आणि पांढऱ्याचा चिमट्याचा खडा काळ्याच्याच मुलखात पडलेला असतो. दुसरा मार्ग म्हणजे E3 लाही उत्तर न देणं. पांढरा F4 खेळून F3 ला वरून दाबेल, तो खडा जवळजवळ गेलाच. पण तोवर पांढऱ्याने एका खड्यासाठी E3 आणि F4 अशा दोन चाली खर्च केल्या, आणि त्या दोन वेळांना काळा पटावर दुसरीकडे खेळला. एकटा खडा सोडता येतो, दोन जड खडे सोडता येत नाहीत. खडा हलका ठेवणं म्हणतात ते हेच, आणि मोकळ्या पटावर सेंते टिकते ती हलक्या खड्यांमुळे.

या मार्गाची किंमतही सांगायला हवी. F3–C6 मुळे पांढऱ्याची डावी बाजू थोडी पक्की झाली, आणि E3 नंतर कोपराही जवळपास त्याचाच. त्याच्या बदल्यात काळ्याला मिळालेली चाल खरोखर मोठी असेल तरच सौदा जमतो.

मोकळ्या पटावर एका चालीचं मोल किती असतं, याचा अंदाज कोमीवरून येतो. काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला भरपाईचे गुण मिळतात: जपान आणि कोरियात 6.5, चीनमध्ये 7.5. रिकाम्या पटावर पाळी आपली असण्याची ही साधारण किंमत. सुरुवातीलाच तुम्ही एक पाळी सोडून दिलीत तर तेवढे गुण तुमच्याकडून जातात आणि तेवढेच समोरच्याकडे जमा होतात, म्हणजे एकूण फरक तेरा-चौदा गुणांच्या घरात. म्हणून तिसाव्या चालीच्या आत कुठे तरी सहा-सात गुण वाचवणारी पण गोतेत संपणारी चाल खेळलात, तर ती हिशेबात तोट्याची ठरते, दिसायला कितीही नीटनेटकी असो.

हाच हिशेब समोरच्याच्या चालींनाही लावायचा. तो खेळला की आधी उत्तर शोधू नका. स्वतःला विचारा: मी इथे काहीच केलं नाही तर तो पुढची चाल नेमकी कुठे खेळेल? त्या बिंदूचं नाव सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, किंवा त्या चालीनंतर माझे चार-पाच गुण जाण्यापलीकडे काही होत नसेल, तर त्याची चाल सेंते नव्हतीच आणि पुढाकार माझ्याकडे आला आहे. उलट त्या पुढच्या चालीने माझ्या गटाचा तळ जाणार असेल किंवा दोन गट तुटणार असतील, तर उत्तर द्यायचं, मग दुसरीकडे कितीही मोठी जागा खुणावू दे. कोपऱ्याच्या उदाहरणात D2 नंतर ‘पुढची चाल C3, आणि माझे दोन खडे तळाशिवाय’ असं बोटावर सांगता येतं. दुसऱ्या ओळीवर नुसतं टोक वाढवणाऱ्या चालीबद्दल सुरुवातीला असं काही सांगता येत नाही. तीच चाल डावाच्या शेवटी, मोठ्या जागा संपल्यावर, उत्तर द्यायलाच लावणारी ठरू शकते. चाल बदललेली नसते, बाकीचा पट लहान झालेला असतो.

अतारीबद्दल वेगळं सांगतो, कारण अतारी दिसली की नव्यांचा हात आपोआप खडा वाचवायला जातो. एका खड्यावरची अतारी पुष्कळदा सोडून देता येते. अपवाद एवढाच की मोकळ्या मध्यात एक खडा मारून चार खड्यांचा चौकोनी हिरा उभा राहत असेल, तर त्याची ताकद सगळीकडे पसरते. तो सहजासहजी देऊ नये.

आणि K3 ही वाईट चाल आहे असं समजू नका. खालच्या कडेला पांढऱ्याची ताकद आधीच असेल, समजा उजव्या खालच्या कोपऱ्यात Q4 ला काळ्याऐवजी पांढरा खडा असेल, तर F3 ला पळायला वाट अरुंद असते आणि तळ करून घेणं शहाणपणाचं ठरतं. तेव्हा गोते पत्करायची, पण ठरवून. मी शिकणाऱ्यांना एक सराव देतो: डाव संपल्यावर पहिल्या चाळीस चालीच पुन्हा मांडा, आणि जिथे कुणी जागा सोडून दुसरीकडे गेला त्या प्रत्येक ठिकाणी थांबून लिहा, तिथला क्रम कुणी सुरू केला होता आणि किती चालींत मिटला. आपण सुरू केलेले विषम क्रम वेगळे काढा. त्यातल्या प्रत्येकात आधीच्या एखाद्या सम चालीला थांबता आलं असतं का, ते खडे उचलून तपासा. F3–C6 नंतर थांबण्यासारखी एखादी तरी जागा बहुतेक डावांत सापडते.