नोकरीसाठी रिझ्युमे मेल केला, तरी रिक्रूटर कंपनीच्या पोर्टलवर फॉर्म भरा म्हणतात?

मेलवरचा रिझ्युमे बहुधा रिक्रूटरच्या इनबॉक्समध्येच राहतो. मुलाखत, ऑफर चालते पोर्टलवरच्या नोंदीवर. म्हणून चिडण्याआधी विचारा, "सर, जॉब आयडी आणि थेट लिंक पाठवता का?" फॉर्ममध्ये रिझ्युमेवरचाच ईमेल टाका, नाहीतर तुमच्या दोन नोंदी होऊ शकतात.

आमच्या दारव्ह्याकडच्या खेड्यात लाइट गेली की नेटवर्कही जातं अन् अर्धा भरलेला फॉर्म उडतो. त्यामुळे नोकरीच्या तारखा, टक्केवारी मी मोबाइलच्या नोट्समध्ये आधीच लिहून ठेवतो, तिथून चिकटवतो. रिझ्युमे अपलोड केल्यावर रकाने आपोआप भरतात खरे, पण माझं विद्यापीठ चक्क कंपनीच्या रकान्यात जाऊन बसलं होतं! प्रत्येक रकाना बघा. सबमिट झाल्यावर अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट त्याच मेलला रिप्लाय करून पाठवा.