डब्यावर त्रिफळा, आत सोनामुखी

आजीकडे त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळकाठी समभाग, बिया काढून कुटलेलं आणि वस्त्रगाळ केलेलं. रात्री अर्धा चमचा कोमट पाण्यातून. तुरट इतकं की जीभ टाळूला चिकटायची.

मी मात्र बाजारातलं तयार चूर्ण आणलं. पहिल्या आठवड्यात पोट लख्ख साफ! पण चार महिन्यांत एका चमच्याचे दोन झाले, पोटात मुरडा येऊ लागला आणि एक रात्र चुकली की दुसऱ्या दिवशी काहीच नाही.

वैद्यांनी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचायला लावली. त्रिफळ्याच्या जोडीला सोनामुखी होती. ती आतड्याला ढकलते. रोज ढकलायची सवय लागली, की ते आपणहून हलायला कुरकुरतं.

एकदम बंद केलं नाही. दीड चमचा, एक, अर्धा असं दर आठवड्याला उतरवलं. मग नुसतं त्रिफळा अर्धा चमचा, म्हणजे दीड-दोन ग्रॅम, तेही तीनच आठवडे. सोबत भरपूर पाणी, ताटात पालेभाजी आणि नाश्त्यानंतर दहा मिनिटं निवांत बसणं. खाल्ल्यावर आतडं तसंही हलतंच. मधले काही दिवस पोट फुगलं, चिडचिड झाली. दीड महिन्यानं गाडी रुळावर आली.

शौचातून रक्त, वजन घटणं किंवा अचानक बदललेली सवय असेल तर चूर्ण नको, डॉक्टर. गरोदरपणात आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना त्रिफळासुद्धा विचारूनच.