शोधयंत्राचा क्रॉलर आपल्या पानावर पुन्हा कधी येतो, हे कसं ओळखावं

समजा, तुम्ही बाजार समितीतले कांद्याचे भाव वेबसाइटवर टाकता. तिथे दोन पानं आहेत: 'आजचे भाव' आणि 'आमच्याविषयी'. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, या दोन्हींकडे सारख्या फेऱ्या मारत नाही.

आधी सर्व्हरचा लॉग उघडा आणि भावांच्या पानावर तो कधी आला ते पाहा:

```
grep Googlebot access.log | grep "/bhav"
```

हे नाव लावून भलतेही प्रोग्राम येतात, म्हणून शंका आली तर आयपी पत्ता खरंच गूगलचा आहे का ते तपासा. प्रत्येक ओळीत एक आकडा दिसेल. 200 म्हणजे पूर्ण पान दिलं. 304 म्हणजे 'मागच्या भेटीनंतर काही बदललं नाही' एवढंच सर्व्हरने कळवलं आणि पान पुन्हा पाठवावं लागलं नाही.

आता क्रॉलरच्या बाजूने विचार करा. त्याने दहा दिवस रोज एक फेरी मारली आणि सहा वेळा पान बदललेलं आढळलं. मग बदलाचा वेग दिवसाला 0.6 धरायचा का? नाही. दोन फेऱ्यांच्या मधे भाव तीनदा बदलले असले, तरी त्याला एकच बदल दिसतो. स्टॅनफर्डच्या जुंगहू चो आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी यासाठी दुरुस्त केलेलं सूत्र मांडलं. त्यात हाच वेग साधारण 0.85 येतो. गूगल नेमकं कोणतं सूत्र वापरतं ते जाहीर नाही, पण पानाची लोकप्रियता आणि त्याच्याकडे साठवलेली प्रत शिळी होण्याची शक्यता या दोन्ही गोष्टी ते पाहतं.

याच दोघांच्या अभ्यासातला मला सर्वात मोलाचा वाटणारा निष्कर्ष असा: जास्त बदलणाऱ्या पानाला त्याच प्रमाणात जास्त फेऱ्या देणं फायद्याचं नसतं. दर मिनिटाला बदलणाऱ्या पानाची प्रत आणल्या आणल्या शिळी होते, त्यामुळे ती फेरी वाया जाते. दिवसातून एकदा बदलणाऱ्या पानावर तीच फेरी सार्थकी लागते. म्हणून भाव लिलावानंतर एकदाच, पण नेमाने टाकलेत तरी चालेल.

मग साइटमॅपमध्ये, म्हणजे शोधयंत्रासाठी ठेवलेल्या पानांच्या यादीत, पान बदलल्याची खरी तारीख द्या:

```
<lastmod>2025-01-14</lastmod>
```

मजकूर तोच ठेवून रोज तारीख बदलू नका. तारीख सातत्याने खरी ठरली तरच गूगल ती विचारात घेतं. साइटमॅपमधले `changefreq` आणि `priority` तर ते पाहतच नाही.

एवढं करूनही फेऱ्या घटल्या, तर लॉगमध्ये 503 किंवा 429 शोधा. हे आकडे दिसले की सर्व्हर दमला आहे असं समजून क्रॉलर स्वतःच वेग कमी करतो. होस्टिंग सुधारलं की वेग हळूहळू परत वाढतो.

'आमच्याविषयी' पानावर तो क्वचितच आला तरी हरकत नाही. तिथला फोन नंबर बदलला, तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्या एका पानापुरती पुन्हा फेरी मारण्याची विनंती नोंदवा.